औषध लागू पडले नाही, की दिलेच गेले नाही?

कुत्र्याला घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, 'कधीपासून?' उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. 'दोन दिवस झाले, खात नाही.' दुसरा प्रश्न, 'याआधी काही झाले होते?' उत्तर, 'तसे काही नाही.' तिसरा, 'कोणते औषध दिले?' उत्तर, 'एक पांढरी गोळी होती, आणि गावात एक सुई दिली.' ही तिन्ही उत्तरे प्रामाणिक असतात आणि तिन्ही जवळजवळ निरुपयोगी असतात. आजारी माणूस निदान 'इथे दुखते' एवढे तरी सांगतो. कुत्र्याच्या बाबतीत तेही सांगणारा दुसराच कोणीतरी असतो, आणि त्या दुसऱ्याची आठवण हीच डॉक्टरांची पहिली तपासणी असते.

मुळशी तालुक्यात ही अडचण दुप्पट होते. पिरंगुटपासून पौड, कोळवण आणि पुढे ताम्हिणीपर्यंत आज शेतघरांची रांग लागली आहे. घर पुण्याच्या माणसाचे, कुत्राही त्याच्याच नावाचा, पण त्याला रोज भाकरी घालणारे हात राखणदाराचे. मालक शनिवारी येतो आणि रविवारी जातो. कुत्रा आजारी पडतो मंगळवारी. गावातल्या उपचाराची माहिती राखणदाराकडे, शहरातल्या दवाखान्याचे कागद मालकाकडे, आणि डॉक्टरांसमोर त्या दिवशी जो उभा असेल त्याच्याकडे निम्मीच गोष्ट. ही दोन निम्मी एकत्र आणणारी वस्तू म्हणजे एक वही. ती नेमके काय करते, हे गोचीड तापाच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट दिसते. कारण हा आजार एका दिवसात उलगडत नाही, महिन्यांमध्ये उलगडतो.

तीन भेटी, तीन आजार

उदाहरणासाठी कोळवण खोऱ्यातले एक घर उभे करू. कुत्रा गावठी, चार वर्षांचा, नाव वाघ्या, वजन 18 किलो. घरमालक कोथरूडचे. राखणदार नवरा-बायको वाघ्याला पिल्लू असल्यापासून सांभाळणारे.

जुलैच्या सुरुवातीला, भात लावणीच्या ऐन धांदलीत, वाघ्याने एका संध्याकाळी भाकरीला तोंड लावले नाही. अंग तापलेले वाटले. गावात जनावरांना औषधपाणी करणाऱ्याने सुई दिली. दुसऱ्या दिवशी तो जेवला आणि विषय संपला. ऑगस्टच्या मध्यात मालक आले तेव्हा तो मागचा पाय झटकत चालत होता. त्यांनी त्याला पुण्याच्या दवाखान्यात नेले. जुलैतल्या तापाची त्यांना कल्पनाच नव्हती, त्यामुळे ती गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचली नाही. लागले असेल, असे धरून पाच दिवसांची वेदनाशामक गोळी मिळाली. सप्टेंबरच्या मध्यात एका सकाळी वाघ्याच्या नाकातून रक्त आले. वजन 15 किलोवर उतरले होते. रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट्स 32 हजार निघाल्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. हिमोग्लोबिन 9 होते, ते साधारण 12 ते 18 असायला हवे.

हा होता एर्लिकिया नावाच्या जीवाणूचा प्रताप. तपकिरी गोचीड चावली की तो रक्तात शिरतो. चाव्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप, मरगळ, भूक जाणे, कधी सांधे दुखून लंगडणे अशी लक्षणे दिसतात. मग बऱ्याच कुत्र्यांमध्ये ती आपोआप ओसरतात आणि मालकाला वाटते, बरा झाला. जीवाणू मात्र शरीरात दबा धरून राहतो. ही शांत अवस्था आठवडे, महिने, कधी वर्षेही टिकते. त्यानंतर काही कुत्र्यांमध्ये प्लेटलेट्स आणि रक्तपेशी घसरतात, आणि नाकातून रक्त येणे, लघवी किंवा विष्ठेत रक्त दिसणे सुरू होते. म्हणजे जुलैचा ताप, ऑगस्टचे लंगडणे आणि सप्टेंबरचे रक्त या एकाच आजाराच्या तीन पायऱ्या असण्याचा दाट संभव होता. पण त्या तीन वेगवेगळ्या माणसांनी पाहिल्या आणि तिघांना तीन वेगळे आजार दिसले. ऑगस्टमधल्या डॉक्टरांच्या हातात 'जूनअखेर अंगावरच्या गोचिडी काढल्या, 8 जुलैला ताप' अशी एक ओळ असती, तर त्यांनी लंगडणाऱ्या पायाबरोबर रक्ताचाही विचार केला असता.

42 गोळ्या आणि दोन पाकिटे

गोचीड तापावरचे नेहमीचे औषध डॉक्सिसायक्लिन. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 10 मिलिग्रॅम, सलग 28 दिवस, हा त्याचा रूढ हिशेब. 15 किलोच्या वाघ्याला रोज 150 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलिग्रॅमची दीड गोळी. महिन्याभराच्या 42 गोळ्या होतात. त्या दिवशी दुकानात दहा-दहाची दोनच पाकिटे मिळाली. ती तेराव्या दिवशी संपली. पुढच्या शनिवारी मालकांना यायला जमले नाही. आणि खरे सांगायचे तर कोणाला घाईही वाटली नाही, कारण वाघ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच जेवायला लागला होता. या आजाराची हीच मेख आहे. औषध लवकर गुण दाखवते, म्हणून ते लवकर बंद होते.

दिवाळीच्या सुमारास वाघ्या पुन्हा मलूल झाला. डॉक्टरांनी विचारले, 'औषध पूर्ण दिले होते ना?' मालक म्हणाले, 'हो, आणलेल्या सगळ्या गोळ्या दिल्या.' ते खरेच बोलत होते. आणलेल्या सगळ्या दिल्या होत्या, पण सांगितलेल्या सगळ्या आणल्या नव्हत्या. नंतर राखणदाराच्या बायकोने फोनवर सांगितले, 'दोन पाकिटं होती, ती संपली.'

आता डॉक्टरांपुढचा पेच पाहा. आजार उलटला आहे. त्याची दोन कारणे असू शकतात. एक, औषध योग्य होते पण अर्धेच पोटात गेले. दुसरे, औषध पुरेसे गेले पण मूळ आजारच वेगळा आहे, किंवा सोबत दुसराही आहे. पहिल्या शक्यतेत तेच औषध पूर्ण द्यायचे असते. दुसऱ्या शक्यतेत तेच औषध पुन्हा देणे म्हणजे महिना वाया घालवणे. दवाखान्याच्या टेबलावरच्या कुत्र्याकडे पाहून यातले कोणते खरे, हे सांगता येत नाही. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात काही सापडले नाही. पण रक्तातले परजीवी थोडे असतील तर या तपासणीतून ते सहज निसटतात. डॉक्टरांनी 2 नोव्हेंबरपासून 28 दिवसांचे औषध नव्याने सुरू केले आणि एक अट घातली. रोजची नोंद ठेवायची.

दोनशे पानी वही आली. ती वाघ्याच्या जेवणाच्या जागेजवळ खिळ्याला टांगली आणि पेन सुतळीने तिलाच बांधले. पहिल्या पानावर एक ते 28 आकडे लिहिले. गोळी पोटात गेली की आकड्यावर खूण. नवव्या दिवशी खुणेशेजारी लिहिले होते, 'लगेच उलटी, गोळी बाहेर पडली. डॉक्टरांना फोन करून पुन्हा दिली.' चौदाव्या दिवशीच्या रक्तात प्लेटलेट्स एक लाख तीस हजारांवर चढल्या होत्या. पण हिमोग्लोबिन 8.8 वरून 8.2 वर उतरले होते. सतराव्या आणि अठराव्या दिवसापुढे राखणदाराच्या बायकोने लिहिले, 'लघवी कोऱ्या चहासारखी. हिरड्या पांढरट. दोन भाकऱ्यांपैकी एकच खाल्ली.'

एकोणिसाव्या दिवशी वही टेबलावर आली आणि पेच सुटला. औषध दिले गेले नाही, ही शक्यता अठरा खुणांनी खोडली. प्लेटलेट्स वाढल्या म्हणजे औषध आपले काम करत होते. तरीही रक्त कमी होत होते आणि लघवी काळपट होत होती, म्हणजे तांबड्या पेशी फुटत होत्या. डॉक्टरांनी या वेळी कानाच्या कडेला टोचून निघालेल्या थेंबाची काचपट्टी केली, कारण बारीक रक्तवाहिन्यांमधल्या रक्तात हा परजीवी सापडण्याची शक्यता जास्त असते. शिवाय नमुना पीसीआर तपासणीला पाठवला. तांबड्या पेशींच्या आत सापडला बबेसिया गिब्सोनी. हाही गोचिडीमार्फत येऊ शकतो, आणि कुत्र्यांच्या भांडणात एकमेकांना घेतलेल्या चाव्यांतूनही पसरतो. एका गोचीडग्रस्त कुत्र्यात एर्लिकिया आणि बबेसिया एकत्र नांदणे नवलाचे नाही. पण एकट्या डॉक्सिसायक्लिनने हा दुसरा पाहुणा हटत नाही, त्याला वेगळी औषधे जोडून द्यावी लागतात. ती दिली गेली. जानेवारीत वाघ्याचे हिमोग्लोबिन 12 च्या वर आले होते आणि वजन 17 किलोच्या पुढे.

वहीने काही रोग शोधला नाही. तो डॉक्टरांनी आणि प्रयोगशाळेने शोधला. वहीने एवढेच केले की, एक शक्यता निर्विवादपणे बाद केली. निदान म्हणजे बऱ्याच अंशी हेच असते.

वहीत काय असावे

अशी वही ठेवायला फार काही लागत नाही, पण जे लिहायचे ते मोजून लिहावे लागते. पहिल्या पानावर कुत्र्याचे नाव, जन्माचा अंदाज, नर की मादी, नसबंदी झाली आहे का, पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला होता, आणि डॉक्टर, मालक व राखणदार यांचे फोन नंबर. दुसऱ्या पानावर लसी. लस टोचताना कुपीवरची छोटी चिठ्ठी डॉक्टरांकडून मागून तिथेच चिकटवावी, तारीख घालावी आणि पुढची तारीख लिहावी. तिसरे पान गोचिडीचे. गोचीड प्रतिबंधक गोळी, थेंब किंवा पट्टा कधी वापरला, पुन्हा कधी, आणि अंगावर गोचिडी कधी दिसल्या. आजाराची लक्षणे चाव्यानंतर आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे आज ताप आला तर डॉक्टरांना मागच्या तीन आठवड्यांतले हे पान पाहायचे असते. 'आमचा कुत्रा आवाराबाहेर जातच नाही' हा युक्तिवाद इथे उपयोगी नाही. तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, कुत्र्याच्या घराच्या फटीत अंडी घालते आणि तिथेच वाढते.

त्यापुढची पाने आजारपणाची. एका दिवसाला एक ओळ पुरे. ओळीत तारीख, वेळ, काय दिसले, काय दिले आणि कोणी दिले. यातला 'काय दिसले' हा शब्द महत्त्वाचा. 'कावीळ झाली' असे लिहू नये, 'डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा' असे लिहावे. 'खात नाही' ऐवजी 'दोनपैकी अर्धी भाकरी, पाणी नेहमीसारखे'. निष्कर्ष डॉक्टरांवर सोडावा, आपण डोळ्यांना दिसले तेवढे द्यावे. आपला निष्कर्ष चुकला तर तो डॉक्टरांनाही चुकीच्या वाटेवर नेतो.

घरी मोजता येतील अशा तीनच गोष्टी आहेत. पहिली ताप. कुत्र्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवावा. त्याच्या टोकाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून गुदद्वारात साधारण एक इंच, हलक्या हाताने. निरोगी कुत्र्याचे तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तो त्याचा नेहमीचा आकडा असतो. धावून किंवा उन्हातून आला असेल तर अर्धा तास थांबून मोजावे आणि तसे लिहावे. नाक कोरडे आहे की ओले, यावरून काही ठरत नाही. दुसरी गोष्ट हिरड्या. ओठ वर करून दिवसाच्या उजेडात पाहावे. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबून सोडली की पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. हिरड्या जन्मतःच काळ्या असतील तर खालच्या पापणीच्या आतला रंग पाहावा. तिसरी वजन. आधी आपण कुत्र्याला घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. मुळशीत भाताची पोती तोलायचा काटा बऱ्याच ठिकाणी सापडतो, तोही चालतो. औषधाची मात्रा वजनावर ठरते. वाघ्याचे जुने 18 किलो धरले असते तर रोजची गोळी चुकली असती.

आणखी एक ओळ लोक लाजून लिहीत नाहीत, तीच सर्वांत जास्त लिहायला हवी. दवाखान्यात येण्याआधी घरच्या डब्यातली माणसाची तापाची किंवा दुखण्याची गोळी दिली असेल, किंवा गुरांसाठी आणलेले गोचिडीचे औषध कुत्र्याच्या अंगाला चोळले असेल, तर ते नाव आणि प्रमाणासह लिहावे. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या जठराला जखमा करते आणि मूत्रपिंडे बिघडवते. पॅरासिटामॉल जास्त झाले तर यकृतावर येते. गुरांच्या मात्रेचे औषध कुत्र्याला विष ठरू शकते. उलटी आणि काळी विष्ठा आजाराने झाली की गोळीने, हे डॉक्टरांना आपल्या सांगण्याशिवाय कळणार नाही. चूक केल्याबद्दल ते दोन शब्द बोलतील, पण लपवल्याची किंमत कुत्रा देईल.

सुईचेही तसेच. गावातली 'सुई दिली' ही नोंद वाचून पुढच्या डॉक्टरला काहीच समजत नाही. ती प्रतिजैविक होती, तापाची होती की स्टेरॉईड होते? स्टेरॉईडने कुत्रा काही तासांत ताजातवाना दिसू शकतो आणि खरा आजार झाकला जातो. सुई देणाऱ्याकडून कुपीवरचे नाव मागून घ्यावे, नाहीतर रिकाम्या कुपीचा फोटो काढावा. जो औषध टोचतो, त्याने त्याचे नाव कागदावर द्यायलाच हवे. मालकाने ते मागण्यात उद्धटपणा नाही आणि डॉक्टरांनी ते देण्यात उपकार नाही.

मुळशीच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते आणि जेल पेनची शाई पसरते. म्हणून वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, साध्या बॉलपेनने लिहावे, आणि रक्ताचे रिपोर्ट चिकटवण्याआधी त्यांचा फोटो काढून मालक व राखणदार दोघांच्या फोनमध्ये ठेवावा.

दवाखान्यात विचारायचे प्रश्न

दवाखान्यात आपल्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटे येतात. त्यात घाबरलेला कुत्रा, रांगेतले दुसरे प्राणी आणि आपली काळजी. ऐन वेळी आठवेल ते विचारू, असे ठरवले तर परतीच्या वाटेवर चांदणी चौकात आठवते. म्हणून आदल्या रात्री वहीच्या नव्या पानावर प्रश्न लिहावेत, महत्त्वाचे वर. चार-पाच पुरतात.

पहिला प्रश्न, 'तुम्हाला कोणत्या आजारांची शंका आहे?' एकवचनी 'काय झाले आहे?' विचारले तर डॉक्टरांना एकच नाव सांगावे लागते. अनेकवचनात विचारले तर ते मनातली यादी सांगतात, आणि पहिले औषध लागू पडले नाही तर पुढे काय शोधायचे हे आपल्यालाही कळते. वाघ्याच्या बाबतीत बबेसियाचे नाव या यादीत सुरुवातीलाच ऐकले असते, तर लघवीच्या रंगाकडे घरच्यांचे लक्ष पहिल्या दिवसापासून राहिले असते.

दुसरा, 'ही तपासणी केली तर उपचारात काय बदलेल?' हा प्रश्न शंका घेण्यासाठी विचारायचा नसतो, तपासणीचा अर्थ समजण्यासाठी विचारायचा असतो. गोचीड तापाची दवाखान्यात दहा मिनिटांत होणारी पट्टीची चाचणी बहुधा प्रतिपिंडे मोजते. ती सकारात्मक आली म्हणजे शरीराची त्या जीवाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढेच. आजार बरा झाल्यावरही ती महिनोन्‌महिने सकारात्मक राहू शकते. त्यामुळे बरे झाल्याची खात्री तिच्यावरून करता येत नाही, आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत ती नकारात्मकही येऊ शकते. आपल्याकडे पैसे मर्यादित असतील तर तेही इथेच स्पष्ट सांगावे आणि विचारावे, 'एवढ्यात सर्वांत आधी कोणती तपासणी?' डॉक्टर त्याप्रमाणे क्रम लावू शकतात. न सांगता अर्ध्यावर उपचार सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

तिसरा औषधाचा. 'किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, एकूण किती गोळ्या, आणि एक चुकली किंवा उलटून पडली तर काय करायचे?' एकूण गोळ्यांचा आकडा तिथेच वहीत लिहावा. वाघ्याच्या घरी 42 हा आकडा लिहिलेला असता, तर दुकानातून वीस गोळ्या घेऊन कोणी निश्चिंत झाले नसते. देण्याची पद्धतही विचारावी. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडीच गिळवली तर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. म्हणून ती जेवणाबरोबर द्यायची आणि वर पाणी पाजायचे. दुधात बुडवून मात्र नको.

चौथा, 'गुण येतो आहे हे कशावरून समजायचे, आणि किती दिवसांत?' गोचीड तापात योग्य औषधाने एक ते तीन दिवसांत कुत्रा ताजा दिसू लागतो. तसे झाले नाही तर तीन दिवसांनी फोन करायचा, तीन आठवड्यांनी नाही. आणि झाले तरी औषध थांबवायचे नाही, रक्त पुन्हा कधी तपासायचे ती तारीख लिहून आणायची.

पाचवा, 'काय दिसले तर रात्र असली तरी निघायचे?' पांढऱ्या हिरड्या, नाकातून न थांबणारे रक्त, डांबरासारखी काळी विष्ठा, चहाच्या रंगाची लघवी, पडल्या पडल्या धाप लागणे. ही यादी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी, कारण ती वाचण्याची वेळ येईल तेव्हा मालक घरी नसण्याचीच शक्यता जास्त.

याच कारणाने दवाखान्यात कुत्र्याबरोबर कोण जाते, हेही महत्त्वाचे ठरते. जो रोज भाकरी घालतो त्याला बरोबर न्यावे, आणि ते जमले नाही तर डॉक्टरांसमोर त्याला फोन लावावा. आपल्याकडे घरमालक बोलतो आणि राखणदार दाराशी उभा राहतो. पण लघवीचा रंग मालकाने पाहिलेला नसतो. वाघ्याच्या वहीतली कळीची ओळ जिने लिहिली, तिला त्याआधीच्या तीन महिन्यांत कोणी काही विचारलेच नव्हते.

जिथे वही थांबते

दोन ठिकाणी वही बाजूला ठेवावी लागते. वर सांगितलेले धोक्याचे चिन्ह दिसले की, आधी निघावे, लिहिणे वाटेत होईल. आणि कुत्रा अचानक विचित्र वागू लागला, विनाकारण चावू लागला, लाळ गळू लागली, घोट गिळता येईना, तर हिरड्या पाहायला तोंडात हात घालू नये. ही रेबीजची शंका असते. लांब राहून, कोंडून ठेवून डॉक्टरांना बोलवावे.

कुत्रा कोणाला चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्या माणसाने लगेच आरोग्य केंद्र गाठावे. वहीत रेबीजच्या लशीची चिठ्ठी आहे, एवढ्यावर विसंबून त्याने उपचार टाळू नयेत. तो निर्णय त्याच्या डॉक्टरांचा. वहीचे काम इथे वेगळे असते. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. रोज एक ओळ, 'जेवला, पाणी प्यायला, वागणे नेहमीचे'. दहाव्या दिवसाची ती ओळ एखाद्या घराची झोप परत आणते.

वही महाग नाही आणि तिला शिक्षणही फार लागत नाही. तिला लागते ते एवढेच की, मालकाने शनिवारी आल्यावर गाडीतून उतरून ती आधी वाचावी. वाचणारा आहे हे कळले की, लिहिणारा लिहीत राहतो. पुढच्या पावसाळ्याआधी, मृगाची पहिली सर पडून गोचिडी भेगांतून बाहेर पडायच्या आत, खिळा ठोकून ती टांगलेली असावी.